शिलाई कारखान्यासाठी सोलर किती किलोवॅटचे घ्यावे?

सोलापूर, मालेगाव, भिवंडी या भागांत आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे पोट शिलाईवर चालते. कुणाचा घराच्या वरच्या मजल्यावर चार मशीनचा कारखाना, कुणाचा भाड्याच्या गाळ्यात दहाचा. कारागीर बहुतेक नगावर काम करतात. म्हणजे लाइट गेली की मालकाचा माल अडतो आणि कारागिराची त्या दिवसाची मजुरी बुडते. त्यामुळे सोलरची चौकशी वाढली आहे. पण आम्ही पाहिलेल्या कोटेशनमध्ये एकाच कारखान्याला एक विक्रेता दोन किलोवॅट सांगतो, दुसरा पाच आणि तिसरा थेट दहा. यातला बरोबर कोण, हे मालकाला स्वतः काढता यावे म्हणून हा लेख.

हिशेब समजण्यासाठी एकच कारखाना धरू. सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारा, सहा मशीनचा. त्यात चार साध्या एका सुईच्या मशीन (ज्यांना बाजारात सरसकट 'जुकी' म्हणतात), एक ओव्हरलॉक आणि एक काजाची. वर वीस वॅटच्या दहा एलईडी ट्यूब, चार पंखे आणि एक हजार वॅटची इस्त्री. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा काम, मध्ये जोहरची नमाज आणि जेवण. प्रत्यक्ष मशीन सात तास चालू, दिवे-पंखे आठ तास. शुक्रवारी सुट्टी.

पाटीवरचे वॅट जोडू नका

दहा किलोवॅट सांगणारा विक्रेता काय करतो? तो मोटरच्या पाटीवरचे आकडे वाचतो. आजकालच्या सर्व्हो मोटरवर ५५० वॅट लिहिलेले असते. सहा मोटरचे झाले ३,३००. त्यात दिवे २००, पंखे ३००, इस्त्री १,०००. एकूण ४,८०० वॅट. गुणिले आठ तास म्हणजे दिवसाला ३८ युनिट. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देते, म्हणून साडेनऊ-दहा किलोवॅट. गणित बरोबर, पण सुरुवातच चुकीची. पाटीवरचा आकडा ही मोटरची जास्तीत जास्त ताकद असते. कारागीर कापड सरळ करतो, कॉलर जुळवतो, धागा तोडतो, बंडल उचलतो. प्रत्यक्ष टाका पडण्याचा वेळ त्यातला थोडाच असतो.

मग खरे वॅट कसे कळणार? महावितरणच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी `3200 imp/kWh` किंवा `1600 imp/kWh` असे लिहिलेले असते. म्हणजे एका युनिटला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. दुपारी काम जोरात असताना दिवे, पंखे, इस्त्री पाच मिनिटे बंद ठेवा, फक्त मशीन चालू द्या आणि एका मिनिटातल्या लुकलुकी मोजा. मीटर ३२०० चे असेल तर लुकलुकींना १८.७५ ने गुणा, १६०० चे असेल तर ३७.५ ने. जे येईल ते त्या वेळचे वॅट. तीन-चार वेगवेगळ्या वेळी मोजून सरासरी काढा. मोबाइलवर व्हिडिओ काढून सावकाश मोजले तर चूक होत नाही. आणखी सोपे हवे असेल तर सकाळी उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना मीटरचे रीडिंग लिहून ठेवा. आठवडाभराच्या त्या नोंदीपुढे कोणत्याही कोटेशनची काही किंमत नाही. मात्र त्याच मीटरवर घरही चालत असेल तर कारखान्याची लाइन वेगळी करून मोजावी लागेल.

क्लच मोटर की सर्व्हो?

आमच्या मते सोलरचा निम्मा निर्णय इथेच होतो आणि विक्रेते याबद्दल क्वचितच बोलतात.

जुन्या मशीनखाली जी जड, गोल, सतत घूं-घूं करणारी मोटर असते ती क्लच मोटर. साधारण अर्ध्या हॉर्सपॉवरची. बटन दाबले की ती पूर्ण वेगाने फिरत राहते. कारागिराने पायंडल दाबले की क्लच लागतो आणि मशीन चालते. पाय उचलला तरी मोटर फिरतेच आणि वीज खातेच. सर्व्हो मोटर पाय ठेवला की फिरते, पाय उचलला की थांबते. थांबलेली असताना ती फक्त आपल्या कंट्रोल बॉक्सपुरती, जेमतेम काही वॅट वीज घेते.

ओळखायचे कसे? सगळ्या कारागिरांना एक मिनिट पाय उचलायला सांगा आणि मीटरचा लाल दिवा पाहा. दिवा जवळपास तितक्याच वेगाने लुकलुकत राहिला तर क्लच मोटर. अगदी मंदावला तर सर्व्हो.

आता आपल्या कारखान्याचा हिशेब. सहाही क्लच मोटर असतील आणि ३२०० च्या मीटरवर मिनिटाला ८० लुकलुकी आल्या, तर ८० × १८.७५ = १,५०० वॅट, म्हणजे एका मशीनला सरासरी २५० वॅट. सात तासांचे साडेदहा युनिट. दिवे १.६ युनिट, साधे ७५ वॅटचे पंखे २.४ युनिट. इस्त्री दिवसातून तीन तास लागते, पण थर्मोस्टॅट तिला मधूनमधून बंद करतो, म्हणून निम्मा वेळ धरून दीड युनिट. एकूण १६ युनिट. म्हणजे चार किलोवॅटचे पॅनेल.

याच सहा मशीनला सर्व्हो मोटर लावल्या आणि सरासरी ९० वॅटवर आल्या, तर मशीनचे सात तासांचे ३.८ युनिट होतात. बाकी सगळे तेच. एकूण ९.३ युनिट. त्याला अडीच किलोवॅटच्या आसपास पुरते.

पैशात मांडू. सर्व्हो मोटर सहा हजारांना एक धरली तरी सहांचे ३६ हजार. वाचतात दिवसाला ६.७ युनिट, महिन्याच्या २६ दिवसांत १७५. तुमच्या बिलात सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांना पडत असेल तर महिन्याला १,७५० रुपये. एकवीस महिन्यांत मोटरचे पैसे सुटले, तेही छतावर एकही पॅनेल न चढवता. त्यावर दीड किलोवॅट पॅनेल कमी लागले, ते वेगळे. (दर आम्ही हिशेबापुरते धरले आहेत, आपल्या गावचा भाव आणि आपले बिल घालून पुन्हा करावे.)

एक इशारा मात्र हवा. ओव्हरलॉकवर कारागीर लांबलांब शिवण सलग मारतो, तिथे मोटर थांबतच नाही म्हटले तरी चालेल. त्यामुळे ओव्हरलॉकवर बचत कमी होते. पैसे एकदम नसतील तर आधी साध्या मशीनच्या मोटर बदला, ओव्हरलॉकची शेवटी.

इन्व्हर्टर एका झटक्यात का बसतो

पॅनेल किती, हे दिवसाच्या युनिटवर ठरते. इन्व्हर्टर किती, हे एका क्षणाच्या ओढीवर ठरते. या दोन गोष्टींची गल्लत झाली की पैसे वाया जातात.

क्लच मोटर सुरू होताना क्षणभर आपल्या नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पाच मशीन चालू असताना सहावी सुरू केली तर तीन केव्हीएचा इन्व्हर्टर कसाबसा तो झटका सोसतो. खरी अडचण वेगळ्या वेळी येते. लाइट गेली, इन्व्हर्टर बंद पडला, सगळे कारागीर चहाला गेले, मशीनची बटने मात्र चालूच राहिली. इन्व्हर्टर पुन्हा सुरू केला की सहाही मोटर एकाच क्षणी उठतात. ओढ दहा-बारा किलोवॅटवर जाते आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून पुन्हा बसतो. मालकाला वाटते इन्व्हर्टरच खराब आहे. मोटर सुरू होताना ट्यूब क्षणभर मंद होत असतील, तर हाच दोष आहे असे समजावे. उपाय एकच: बटने बंद करून एकेक मशीन दोन-तीन सेकंदांच्या अंतराने सुरू करणे. सर्व्हो मोटर हळू सुरू होते, तिला हा झटकाच नसतो.

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर क्लच मोटर गुरगुरते आणि तापते, सर्व्होचा कंट्रोल बॉक्स तर दगा देऊ शकतो. आणि मोटर थ्री फेजच्या असतील तर साधा सिंगल फेज इन्व्हर्टर त्यांना चालवणार नाही. हे पैसे देण्याआधी वायरमनकडून बघून घ्यावे.

आपल्या सर्व्हो लावलेल्या कारखान्यात मशीन ५४०, दिवे २००, पंखे ३०० असे १,०४० वॅट नेहमीचे आणि इस्त्री लागली की २,०४०. तीन केव्हीएचा इन्व्हर्टर यासाठी पुरेसा आहे.

लाइट गेल्यावर सोलर चालेल का?

हा प्रश्न विकत घेण्याआधी विचारा, कारण बरेच जण इथेच फसतात. नेट मीटरवर चालणारा साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर महावितरणची लाइट गेली की स्वतःच बंद होतो. भर दुपारी, कडक उन्हात, छतावर पॅनेल असूनही मशीन थांबतात. हा बिघाड नव्हे. लाइन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला उलटा शॉक बसू नये म्हणून तो तसा बनवलेला असतो.

बॅटरीशिवाय फक्त पॅनेलवर मशीन चालतील, असे कुणी सांगितले तरी मान्य करू नका. एक ढग सरकला की पॅनेलची वीज काही सेकंदांत पाव हिश्श्यावर येते आणि शिवण अर्ध्यावर थांबते. मागे आधार हवाच, महावितरणचा नाहीतर बॅटरीचा.

म्हणून आधी लाइट किती जाते ते वहीत लिहा. महिन्यात एखाद-दुसऱ्या वेळी जात असेल तर ऑन-ग्रिड घेऊन मोकळे व्हा, त्यात पैसा लवकर सुटतो. आठवड्यातून दोन-तीनदा तास-दीड तास जात असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी. छोटी हा शब्द महत्त्वाचा. काम दिवसाचे असल्याने बॅटरीला रात्र काढायची नाही, फक्त खंड भरून काढायचा आहे.

दीड तासाला १,०४० वॅटप्रमाणे १.६ युनिट, इन्व्हर्टरची घट धरून १.८. लेड अॅसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून दुप्पट, ३.६ युनिटची घ्यायची. म्हणजे १२ व्होल्ट १५० अॅम्पिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या, एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट. लिथियम बॅटरी जास्त उतरवता येते, तिथे २४ व्होल्ट १०० अॅम्पिअर-अवरची एक पुरते. लाइट गेली तेव्हा ऊन असेल तर बॅटरीवर फारसा भार येतच नाही.

या हिशेबात इस्त्री धरलेली नाही आणि धरूही नये. एकटी इस्त्री बाकी सगळ्या कारखान्याइतकी ओढते. पण लाइट गेल्याचे इन्व्हर्टरवर कळतच नाही, मग इस्त्री बंद कोण करणार? महावितरणच्या थेट लाइनवर एक छोटा लाल दिवा इस्त्रीच्या टेबलावर लावा. दिवा गेला की इस्त्री बंद. बॉयलरची इस्त्री असेल तर ती सोलरला जोडूच नका.

आपल्या कारखान्याचे उत्तर

साधारण ५४० वॅटची पाच पॅनेल, म्हणजे २.७ किलोवॅट. एक पॅनेल सुमारे २८ चौरस फुटांचे, पाचाचे १४०. मध्ये पुसायला चालता यावे म्हणून दोनशे-अडीचशे चौरस फूट मोकळी जागा धरा. तोंड दक्षिणेला, कल सोलापूरसाठी पंधरा ते वीस अंश. पत्र्याचे छत असेल तर पत्र्याला नव्हे, खालच्या लोखंडी आडव्या पट्ट्यांना पाय बसवायचे.

सावली मात्र स्वतः बघा. सकाळी नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी चार वाजता छतावर जाऊन पाण्याची टाकी, शेजारची इमारत, मोबाइल टॉवर यांची सावली कुठे पडते ते खडूने आखा. पॅनेल एकापुढे एक जोडलेली असतात, त्यामुळे एकावरची सावली सगळ्यांना ओढते. हे आखणे डिसेंबरात केलेले चांगले, कारण तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या सर्वांत लांब पडतात.

पाच पॅनेल ओळीने जोडली की व्होल्टेज अडीचशेच्या जवळ जाते, थंडीच्या सकाळी त्याहून थोडे वर. इन्व्हर्टरच्या पाटीवर सोलरसाठी जास्तीत जास्त किती व्होल्ट चालतात ते वाचा. घरगुती जुने सोलर इन्व्हर्टर इतके सोसत नाहीत, जळतात.

आता दिवस कसा जाईल? बारा वाजता ही पॅनेल दोन किलोवॅटच्या आसपास देतात, तेव्हा मशीन आणि इस्त्री दोन्ही निघतात. म्हणून इस्त्रीचे काम अकरा ते दोनमध्ये घ्यावे, ही सवय फुकट आहे आणि तिच्यामुळे बॅटरी आणि बिल दोन्ही वाचते. साडेचारनंतर पॅनेल सहाशे-सातशे वॅटवर येतात, तेव्हा उरलेली वीज महावितरणकडून. एप्रिलमध्ये दिवसाला बारा-तेरा युनिट बनतील, गरजेपेक्षा जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये सातच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच युनिट बाहेरून घ्यावे लागतील. पावसाळ्याच्या कमीसाठी आणखी दोन पॅनेल वाढवू नका, उन्हाळ्यात ती बसून राहतील.

रमजानचेही तेच. ईदच्या ऑर्डरसाठी महिनाभर मशीन रात्री दोन-दोनपर्यंत चालतात. ते काम सूर्य संपल्यावरचे आहे. त्या एका महिन्यासाठी मोठी बॅटरी घेणे परवडत नाही, रात्रीचे बिल भरलेले स्वस्त.

शुक्रवारची सुट्टी हाही हिशेबाचा भाग आहे. त्या दिवशी बनलेली वीज नेट मीटर असेल तर महावितरणच्या खात्यात जमा होते, नसेल तर वाया जाते. नेट मीटरची मंजुरी नसताना वीज लाइनवर सोडायची नाही. काही मीटर उलट गेलेली वीजही वापरलेली म्हणून मोजतात आणि बिल वाढते. हायब्रिड इन्व्हर्टरमध्ये वीज बाहेर न सोडण्याची सेटिंग असते, ती चालू आहे ना, हे बसवणाऱ्याकडून समोर दाखवून घ्या.

सबसिडीबद्दल रोज विचारणा होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना घरगुती वीजजोडणीसाठी आहे. दोन किलोवॅटला ६० हजार, तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये. गाळ्यातल्या व्यावसायिक किंवा औद्योगिक जोडणीला ती मिळत नाही. बिलावर आपला वर्ग कोणता लिहिला आहे ते आधी पाहा. कारखान्याला सबसिडी मिळवून देतो म्हणून कुणी आगाऊ रक्कम मागत असेल तर देऊ नका.

खर्चाचा अंदाज सरळच सांगतो. ऑन-ग्रिड २.७ किलोवॅटला किलोवॅटमागे साठ हजार धरले तर एक लाख साठ हजारांच्या आसपास आणि महिन्याची बचत सुमारे २,४०० रुपये, म्हणजे साडेपाच-सहा वर्षांत पैसे निघतात. हायब्रिड बॅटरीसह दोन लाखांवर जाते. त्यात नेट मीटर नसेल तर बनलेली सगळी वीज वापरली जात नाही, बचत अठराशेच्या जवळ राहते आणि पैसे निघायला नऊ वर्षे लागतात. मध्ये एकदा लेड अॅसिड बॅटरी बदलावी लागेल. हायब्रिडचा खरा फायदा बिलात नाही, न थांबलेल्या मशीनमध्ये आहे. लाइट गेल्यावर सहा कारागिरांचे किती नग अडतात, तो आकडा तुमच्या वहीत आहे, आमच्याकडे नाही.

व्याजाचे कर्ज नको म्हणून बरेच मालक रोखीने, टप्प्याटप्प्याने घेऊ पाहतात. तसे करता येते, पण क्रम सांभाळा. आधी मोटर. मग तीन केव्हीएचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, म्हणजे मशीन थांबणे लगेच बंद होते. पॅनेल शेवटी, पण पाचही एकाच कंपनीची, एकाच वॅटची, एकदम. आज तीन आणि पुढच्या वर्षी वेगळ्या वॅटची दोन अशी एका ओळीत जोडली तर कमी करंटचे पॅनेल बाकीच्यांना मागे खेचते.

बसवल्यावर इन्व्हर्टर कटिंग टेबलापासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत किंवा जिन्यात ठेवा. कापडाचा भुगा त्याच्या पंख्यात बसतो, तो तापतो आणि दुपारी अचानक वीज कमी देऊ लागतो. महिन्यातून एकदा ब्रशने झाडा. छतावरची पॅनेल दर पंधरा दिवसांनी सकाळी लवकर, काच थंड असताना, साध्या पाण्याने धुवा. स्वच्छ उन्हाच्या दिवशी बारा वाजता इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किती वॅट दिसतात ते पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लिहून ठेवा, मात्र त्या वेळी मशीन आणि इस्त्री दोन्ही चालू असू द्या, नाहीतर बॅटरी भरलेली असताना इन्व्हर्टर स्वतःच वीज कमी घेतो आणि आकडा खोटा दिसतो. सहा महिन्यांनी त्याच परिस्थितीत आकडा बराच खाली आला असेल तर धूळ, नवी सावली किंवा सैल झालेली जोडणी, या क्रमाने शोधा.